उसाचा दर, बाजाराची चूक आणि सरकारची चूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवा, पलूस, कराड भागात ऊसदराचा विषय निघाला की दोन टोकं ऐकू येतात. एक जण म्हणतो, बाजार मोकळा सोडा, सगळं ठीक होईल. दुसरा म्हणतो, सरकारनं दर बांधून द्यावा आणि कारखानदारांना सरळ करावं. अर्थशास्त्रात यातल्या पहिल्याला ‘बाजाराचं अपयश’ आडवं येतं आणि दुसऱ्याला ‘शासनाचं अपयश’. दोन्ही कल्पना कळायला उसाइतकं सोयीचं पीक दुसरं नाही, म्हणून इथं सगळी उदाहरणं उसाचीच आहेत.

बाजाराचं अपयश म्हणजे काय? भाव पडला की बाजार अपयशी ठरतो का?

नाही. तासगावात द्राक्षं जास्त आली आणि दर पडला, तर शेतकऱ्याचं नुकसान होतं, पण बाजार आपलं काम करत असतो: माल जास्त झालाय एवढंच तो सांगतो. बाजाराचं अपयश वेगळं. सौदा दोन्ही बाजूंच्या फायद्याचा असूनही नीट होत नाही, कारण एका बाजूला पर्यायच नसतो, किंवा एकाला जे माहीत असतं ते दुसऱ्याला कळत नाही, किंवा सौद्याचा भुर्दंड तिसऱ्याच माणसावर पडतो.

उसात हे तिन्ही सापडतात, पण पहिलं सगळ्यात मोठं. तोडलेला ऊस ठेवता येत नाही. कांडी पडली की वजन घटायला लागतं आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, तोही उतरतो, म्हणून चोवीस तासांच्या आसपास ऊस कारखान्याच्या गव्हाणीत जायला हवा. हळद सांगलीच्या गोदामात ठेवून दर बघता येतो, उसाला ती सोय नाही. शिवाय ऊस जड असतो आणि त्याची किंमत वजनाच्या मानानं कमी असते, त्यामुळं लांब न्यायचा तर वाहतूकच दर खाऊन टाकते. म्हणजे खरं गिऱ्हाईक कोण? ट्रॅक्टरला जवळ पडेल ते धुराडं.

पण आमच्याकडं एक नाही, कितीतरी कारखाने आहेत. मग मक्तेदारी कसली?

बरोबर, आणि म्हणूनच कृष्णाकाठचा शेतकरी राज्यातल्या बऱ्याच भागांपेक्षा बऱ्या स्थितीत आहे. वाळव्याच्या एखाद्या गावात तीन-चार कारखान्यांच्या टोळ्या उतरू शकतात. पण कारखाना निवडणं म्हणजे नुसतं अंतर नव्हे. ऊस तोडायला टोळी लागते, टोळीला उचल कारखान्यानं दिलेली असते, आणि कुणाच्या फडात कधी कोयता लावायचा ते शेतकी ऑफिसातल्या नोंदीप्रमाणं ठरतं. तुम्ही जुलैत आडसाली लावली, सोळा महिने वाट बघितली, आणि तोड लांबली तर उसाला तुरा येतो, वजन घटतं, पुढच्या पिकाचं गणित बिघडतं. अशा वेळी शेतकरी दर विचारत नाही, टोळी कधी येणार ते विचारतो. पुढं टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एंट्री म्हणून वरचे पैसे द्यावे लागतात, ती याच अडलेपणाची किंमत.

गुऱ्हाळ हे दुसरं गिऱ्हाईक खरं. कराड-सांगली भागात ते अजून आहे. पण त्याची गाळपाची ताकद थोडी, सगळ्या शिवाराचा ऊस त्याला झेपत नाही.

सहकारी कारखाना हाच यावरचा उपाय नव्हता का?

होता, आणि माझ्या मते तो अर्थशास्त्राच्या नजरेनं फार हुशार उपाय होता. गिऱ्हाईक एकच असेल तर ते गिऱ्हाईकच आपलं करून टाकायचं. मग दर दाबून झालेला नफाही सभासदाच्याच खिशात येणार. वसंतदादांच्या पिढीनं सांगलीत आणि यशवंतरावांच्या आजूबाजूच्या मंडळींनी कराड भागात हेच केलं.

अडलं ते पुढं. सभासदाचा शेअर विकून बाहेर पडणं सोपं नाही, पाच वर्षांनी एक मत एवढाच त्याचा हिशेब. खर्चाचे आकडे वार्षिक सभेत छापील अहवालात येतात, ते तपासायला कुणाला वेळ असतो? मालकी कागदावर शेतकऱ्याची राहिली आणि कारभार संचालकांचा झाला.

एफआरपी म्हणजे काय आणि ती कशी निघते?

रास्त आणि किफायतशीर दर. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली केंद्र सरकार दर हंगामाला तो जाहीर करतं. २००९ पर्यंत याच जागी वैधानिक किमान दर होता. एफआरपी एका मूळ उताऱ्याला बांधलेली असते आणि उतारा जास्त असेल तर त्या प्रमाणात वाढते. २०१७-१८ ला ती ९.५ टक्के उताऱ्याला क्विंटलला २५५ रुपये होती. म्हणजे १२ टक्के उतारा धरला तर टनाला साधारण ३,२२० रुपये. हा दर कारखान्याच्या दारात पोच उसाचा असतो, म्हणून त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते आणि उरलेली रक्कम हातात पडते.

ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत हे पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यायचं, असं त्याच आदेशात लिहिलं आहे. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं. नियम खरंच इतका कडक आहे.

सरकारनं किमान दर बांधला की बाजार बिघडतो, असं पुस्तकात असतं ना?

पुस्तकात ते अनेक गिऱ्हाईकं असलेल्या बाजाराबद्दल असतं. गिऱ्हाईक एकच असेल तर उलट घडू शकतं. एकट्या कारखान्याला जादा ऊस हवा असेल तर दर वाढवावा लागतो, आणि वाढवला की तो आधीच मिळणाऱ्या उसालाही द्यावा लागतो. म्हणून तो थोडा कमी ऊस घेणं पसंत करतो, पण दर दाबून ठेवतो. सरकारनं खालची पट्टी आखून दिली की दाबायला वाव राहत नाही. दर वाढतो आणि ऊसही जास्त गाळला जातो. इथं किमान दर हे बाजाराच्या अपयशावरचं औषध आहे.

फक्त त्याला एक मर्यादा आहे. पट्टी कारखान्याला उसातून जेवढं मिळतं त्याच्या खाली असली पाहिजे. ती वर गेली की औषधाचं विष होतं. आणि कारखान्याला किती मिळतं हे साखरेच्या भावावर ठरतं, जो दिल्लीत हंगामाआधी एफआरपी जाहीर करताना कुणालाच माहीत नसतो.

म्हणजे नेमकं कुठं बिघडलं? एखादं उदाहरण द्या.

२०१७-१८ चा हंगाम घ्या. देशात साखर जवळपास सव्वातीन कोटी टन झाली, खप अडीच कोटींच्या आसपास. कारखान्यातून निघणाऱ्या साखरेचा भाव उन्हाळ्यापर्यंत किलोला २६ रुपयांच्या आसपास घसरला.

आता एक टन ऊस, उतारा १२ टक्के. साखर निघाली १२० किलो. २६ रुपयांनी तिचे झाले ३,१२० रुपये. ऊसाची एफआरपी वर काढली तशी ३,२२०. म्हणजे कारखान्यानं साखर विकून जेवढे मिळवले त्यापेक्षा शंभर रुपये जास्त नुसत्या उसालाच द्यायचे होते. पगार, दुरुस्ती, पोती, बँकेचं व्याज सगळं अजून बाकी. मळी, बगॅस, वीज यांचे पैसे येतात, पण ज्याच्याकडं डिस्टिलरी किंवा सहवीज प्रकल्प नाही त्याला तेवढ्यानं हे भगदाड बुजत नाही.

या परिस्थितीत चेअरमन देवमाणूस असला तरी पैसे येणार कुठून? एफआरपीचे तुकडे पडले, थकबाकी साचली. शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. एकरात पन्नास टन ऊस गेला, तोडणी-वाहतूक टनाला समजा ६०० रुपये. हातात येणं होतं एक लाख एकतीस हजार. दोन महिने उशीर झाला तर १५ टक्क्यांनी व्याज होतं सव्वातीन हजारांच्या आसपास. हे व्याज न मागता मिळालेला शेतकरी मला तरी भेटलेला नाही. कायद्यानं दर वाढवला, पण तो मिळण्याची तारीख अनिश्चित केली. सोसायटीचं कर्ज मात्र तारखेनं चालतं.

कायदा एवढा कडक आहे तर जप्ती का होत नाही?

होते, कागदावर. पुण्याच्या साखर संकुलातून साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात, ज्याला सगळे आरआरसी म्हणतात. मग जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करतात, साखर जप्त करून विकू शकतात.

पण गोदामातली साखर आधीच बँकेकडं तारण असते. साखर तयार झाली की तिच्या मूल्यांकनाच्या ठरावीक टक्क्यांइतकी उचल बँक देते आणि त्यातूनच उसाचं बिल भागतं. भाव पडला की मूल्यांकन पडतं आणि उचल आटते. थकबाकी मुळात तिथूनच सुरू होते. आता जप्ती आणून तीच साखर एकदम बाजारात ओतली तर भाव आणखी पडेल. शिवाय कारखाना बंद पडला तर पुढच्या हंगामाचा उभा ऊस कुठं न्यायचा, हा प्रश्न त्याच शेतकऱ्यापुढं उभा. म्हणून अधिकारी आदेश काढतात पण ताणत नाहीत, आणि हे सगळ्यांना माहीत असतं. अंमलबजावणी झाली तर ज्याच्यासाठी केली त्याचंच नुकसान व्हावं, असा नियम लुळा पडतो.

मग सरकारनं पुढं काय केलं?

एका पट्टीला आधार द्यायला दुसरी लावली. जून २०१८ मध्ये साखरेलाही किमान विक्री दर आला, किलोला २९ रुपये. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ झाला. कोणत्या कारखान्यानं महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा आला. निर्यातीला मदत आली. इथेनॉल प्रकल्पांच्या कर्जावर व्याज सवलत आली, म्हणजे जादा साखर मुळातच कमी होईल.

यातली इथेनॉलची कल्पना मला पटते. पण पुढचा भाग बघा. पाऊस कमी झाला, साखर महागण्याची भीती आली, आणि ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं एकाएकी बंदी घातली. नंतर ती सैल केली. सरकारच्याच सांगण्यावरून कर्ज काढून डिस्टिलरी उभी केलेल्यांना ऐन हंगामात थांबावं लागलं. खाणाऱ्याला साखर स्वस्त हवी, शेतकऱ्याला ऊस महाग हवा, पेट्रोलमध्ये इथेनॉल हवं. एकेक उद्दिष्ट वाजवी आहे. एकाच कांडीतून तिन्ही निघत नाहीत.

एफआरपी २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरली, तेव्हाही साखरेचा किमान दर ३१ च होता. बाजारभाव त्याच्या वर होता म्हणून निभावलं.

हवाई अंतराची अट काय आहे? तिच्यावर एवढा राग का?

दोन कारखान्यांत किती अंतर हवं याची ती अट. २००६ मध्ये केंद्रानं नियंत्रण आदेशात १५ किलोमीटर घातलं, आणि राज्यांना ते वाढवायची मुभा दिली. महाराष्ट्रात ते २५ आहे. रस्त्यानं नव्हे, सरळ रेषेत, भारतीय सर्वेक्षण विभाग मोजून देतो.

हेतू वाईट नव्हता. कारखान्याची यंत्रं महाग, ती वर्षातले पाच-साडेपाच महिने चालली तरच टनामागचा खर्च बसतो. शेजारी दुसरा उभा राहिला आणि ऊस वाटला गेला तर दोघेही अर्धपोटी.

पण मघाशी आपण रोग काय म्हणालो? शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक नसणं. आणि ही अट नेमकं दुसरं गिऱ्हाईकच येऊ देत नाही. एका हातानं किमान दर देऊन एकाधिकार मोडायचा आणि दुसऱ्या हातानं त्याच्याभोवती कुंपण घालायचं, हे दोन्ही एकाच आदेशात आहे. बरं, ऊस पुरावा हा हेतू तरी साधला का? नव्याला बंदी असली तरी जुना कारखाना आपली गाळप क्षमता वाढवू शकतो, आणि त्या वाढल्या. २०२४-२५ ला राज्यातल्या कितीतरी कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसही चालला नाही. संरक्षण कारखान्याला मिळालं, पूर्ण हंगाम कुणालाच मिळाला नाही.

२०१२ मध्ये केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं ही अट काढून टाकायला सांगितलं होतं. लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी रेशनसाठी सरकारला स्वस्तात द्यायची साखर, बंद करण्याची त्याच अहवालातली शिफारस पुढच्याच वर्षी अमलात आली. अंतराची अट महाराष्ट्रात जागेवर राहिली.

एक शिफारस मानली, दुसरी का नाही? संचालकांचा लोभ, दुसरं काय?

लोभ असेलही, पण त्यावर सगळं ढकललं की समजायचं राहून जातं. अट उठली तर फायदा लाखो शेतकऱ्यांना होईल, प्रत्येकाला थोडा, आणि तोही पुढं कधीतरी. तोटा मोजक्या कारखान्यांना होईल, प्रत्येकाला मोठा, लगेच. मुंबईला कोण जाऊन बसेल? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ मध्ये हेच मांडलं होतं: नियम ज्यांना बांधायला केला तेच त्याच्याबद्दल सगळ्यात जागरूक असतात, आणि हळूहळू तो त्यांच्या सोयीचा होतो. आपल्याकडं तर कारखान्याच्या संचालक मंडळातून विधानसभेपर्यंत सरळ वाट आहे. अशा ठिकाणी नियम करणारा आणि नियमाखालचा यांच्यात अंतर राहत नाही, हवाई तर सोडाच.

सीमेवरच्या ऊसबंदीचं काय झालं होतं?

सप्टेंबर २०२३. दुष्काळामुळं ऊस कमी, म्हणून सरकारनं राज्याबाहेर ऊस नेण्यावर ३० एप्रिल २०२४ पर्यंत बंदी घातली. जत, कवठेमहांकाळ, मिरजेच्या पूर्वभागातला शेतकरी कर्नाटकातल्या कारखान्यांना ऊस घालतो. कधी ते जवळ पडतात, कधी आधी तोड देतात. टंचाईच्या वर्षी तर शेतकऱ्याचं पारडं जड व्हायला हवं. नेमक्या त्याच वर्षी त्याचं दुसरं गिऱ्हाईक कायद्यानं बंद केलं. शेतकरी संघटना उठल्या आणि आदेश काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

मला हे उदाहरण आवडतं कारण यात बाजाराचं कुठलंच अपयश नव्हतं. माल कमी होता, गिऱ्हाईकं जास्त होती, दर वाढणार होता.

काटामारी आणि उतारा चोरी कोणत्या खात्यात मोडते?

माहितीच्या. वजन आणि उतारा दोन्ही गिऱ्हाईकच मोजतं, विकणारा बाहेर उभा. वैधमापनवाले आणि भरारी पथकं तपासतात, पण पथक येऊन गेल्यावरच्या खेपांचं काय, हा प्रश्न उरतोच. साखर पूर्ण न काढता ठेवलेल्या बी-हेवी मळीतून इथेनॉल करताना साखरेचा उतारा कमी दिसतो, तो परत हिशेबात धरावा लागतो, आणि तो आकडा शेतकऱ्याला घरबसल्या तपासता येत नाही. दुसरा कारखाना जवळ असणं हाच इथं सगळ्यात स्वस्त निरीक्षक: काटा मारणाऱ्याकडं पुढच्या वर्षी नोंद द्यायची नाही.

म्हणजे सरकारनं हात काढून घ्यावा असं म्हणताय?

नाही. एफआरपी उद्या काढली तर एकाकी कारखान्याच्या पट्ट्यातला शेतकरी मरेल. माझं म्हणणं रोनाल्ड कोस आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ या अर्थशास्त्रज्ञांच्या वाटेनं जातं. १९६० च्या दशकात दोघांनी बजावलं की खऱ्याखुऱ्या, खोट असलेल्या बाजाराची तुलना कल्पनेतल्या निर्दोष सरकारशी करू नका. बाजारात खोट दिसली म्हणून काम झालं नाही. जो साखर आयुक्त, जी बँक, जे मंत्रिमंडळ आणि जी निवडणूक खरोखर असणार आहे, त्यांच्या हातून तो उपाय कसा चालेल ते आधी विचारा.

त्या कसोटीवर मी असं लावेन: किमान दर ठेवा, अंतराची अट काढा, आणि दराचा दुसरा भाग साखरेच्या प्रत्यक्ष उत्पन्नाला जोडा. नवे कारखाने आले तर काही जुने बुडतील, हे खरं आहे आणि त्यातले काही सहकारी असतील. ही किंमत लहान नाही. पण ती आज शेतकरी गुपचूप भरतोच आहे.

तिसऱ्या माणसावर पडणारा भुर्दंडही इथंच बघावा लागतो. हमीचा दर आणि पाटाचं पाणी मिळालं की ऊसच लागतो, आणि कृष्णाकाठची हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. एफआरपी कितीही नेमकी ठरवली तरी ते दुखणं तिच्यानं बरं होत नाही, वाढतंच.

उत्पन्नाला जोडायचं म्हणजे सत्तर-तीसचं सूत्र? ते तर आहेच.

आहे. २०१३ च्या राज्याच्या कायद्यानं उपपदार्थांसह उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेचे ७५ टक्के उसाला द्यायचे, आणि एफआरपी ही खालची मर्यादा. तत्त्व चांगलं, कारण भाव पडला की दोघांवरही ताण येतो आणि वाढला की दोघांनाही मिळतं. पण उत्पन्न किती हे कारखान्याच्या वहीतून ठरतं, म्हणजे माहितीचा प्रश्न पुन्हा दारात. आणि पडत्या वर्षी एफआरपी तशीच वर राहते, त्यामुळं खालचा ताण काही वाटला जात नाही.

२०२२ मध्ये राज्यानं दुसरा मार्ग काढला होता: एफआरपी दोन हप्त्यांत, चालू हंगामाचा उतारा निघाल्यावर बाकी. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. केंद्राच्या आदेशात एकरकमी चौदा दिवस लिहिलेत, राज्याला ते मोडता येत नाहीत. निकाल कायद्यानं बरोबर वाटतो. कारखान्याकडं चौदाव्या दिवशी पैसे असतात का, हा प्रश्न न्यायालयापुढं नव्हताच.

माझ्या बिलात मी काय बघायचं?

चार गोष्टी. कोणत्या हंगामाचा आणि किती उतारा धरलाय. तोडणी-वाहतूक टनाला किती कापली, आणि शेजारच्या कारखान्यानं किती कापली. ऊस पोचल्याची पावतीवरची तारीख आणि पैसे खात्यावर आल्याची तारीख, मध्ये चौदापेक्षा जास्त दिवस असतील तर व्याजाचा लेखी अर्ज कारखान्याला आणि प्रादेशिक साखर सहसंचालकांना. आणि शक्य असेल तर एखादी खेप बाहेरच्या काट्यावर वजन करून मग आत घाला, दोन्ही पावत्या जपून ठेवा.